सोफा एकच, शेड चार: रिकलरच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

काम असं आहे. नाशिकमधलं सोफे बनवणारं एक छोटं वर्कशॉप, त्यांना ऑनलाइन कॅटलॉग करायचाय. थ्री सीटरचं एकच मॉडेल आणि तो बनलेला पीसही एकच, फिकट बेज कापडातला. गिऱ्हाइकाला मात्र तेच कापड बॉटल ग्रीन, मस्टर्ड, नेव्ही आणि आयव्हरी या चार शेडमध्ये मिळणार. प्रत्येक शेडचा सोफा बनवून फोटो काढायचा तर खर्च कुठल्या कुठे जातो, म्हणून फोटोतच रंग बदलायचे, पण गिऱ्हाइकाने घरी सोफा आल्यावर फोन करून भांडू नये एवढं खरं दिसलं पाहिजे.

मालकांनी भाच्याकडून एक नमुना करून घेतलेला होता तो दाखवला. ह्यू-सॅचुरेशनमध्ये कलराइज टिक करून हिरवा सरकवलेला. मालक स्वतःच म्हणाले, "अहो हा बॉटल ग्रीन नाहीये, हा पिस्ता झालाय." बरोबरच आहे, कारण कलर मोड काय किंवा नुसता ह्यू स्लायडर काय, उजेडपणाचा आकडा मूळ कापडाचाच ठेवतो, आणि बेज कापडाच्या उजेडपणाचा हिरवा म्हणजे पिस्ताच. मग भाच्याने लाइटनेस खाली ओढून तो गडद करायचा प्रयत्न केलेला, त्यात उजळ भाग राखाडी पडले आणि चुण्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसायला लागल्या. कापड न वाटता रंग दिलेलं प्लायवूड वाटतं.

मुळात रंग बदलणं म्हणजे उजेडपणा पण बदलणं, हे त्या स्लायडरला कळतच नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांची एचएसएलमधली, म्हणजे त्या स्लायडरच्या हिशेबातली, लाइटनेस ५० टक्केच लिहिलेली असते, पण डोळ्याच्या जवळ जाणाऱ्या लॅब मोजमापात पिवळा ९७ आणि निळा ३२. म्हणजे ह्यू फिरवून "उजेड तसाच ठेवला" म्हणायचं आणि प्रत्यक्षात तो कुठल्या कुठे गेलेला असतो. तर ह्या रस्त्याने जायचंच नाही असं ठरलं.

५ फेब्रुवारी

शूट. सोफा डावीकडच्या मोठ्या खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइट सगळ्या बंद, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की पुढचं गणित बिघडतं. ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक, रॉ फाइल.

आजची खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी. शेड कार्डमधले टिचभर तुकडे नको म्हटलं, चारही शेडचे वहीच्या पानाएवढे तुकडे मागवले, आणि मुख्य फोटो झाल्यावर कॅमेरा न हलवता प्रत्येक तुकडा सीटच्या मधोमध सपाट ठेवून एकेक फोटो घेतला. मग तोच तुकडा समोरच्या उभ्या पट्टीवर टाचणीने लावून अजून एक. विणीची दिशा सोफ्याच्या कापडासारखीच ठेवायची, आडवा तुकडा वेगळा चमकतो आणि आकडा चुकतो.

ह्याच्यामागे साधा विचार आहे. फोटोतला कापडाचा पिक्सेल म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टींचा गुणाकार, त्या जागी पडलेला उजेड आणि कापड त्यातला किती परत फेकतं तो हिस्सा. चुण्या, सावल्या, सीटचा फुगीरपणा हे सगळं उजेडात आहे, रंग फक्त दुसऱ्या आकड्यात आहे. एकाच जागी, एकाच उजेडात जुनं आणि नवं कापड दोन्ही मोजलं तर भागाकारात उजेड उडून जातो आणि हातात राहतं फक्त जुन्या कापडाकडून नव्याकडे जायचं प्रमाण. कंपनीच्या वेबसाइटवरचा कलर कोड उचलून हे होत नाही, तो कुठल्या उजेडात मोजलाय देव जाणे.

जाता जाता एक तुकडा सीट आणि पाठीच्या फटीत खोचून, त्याला मुद्दाम चुण्या पाडून पण फोटो घेतला. मालकांना वाटलं मी खेळतोय.

७ फेब्रुवारी

बॉटल ग्रीनपासून सुरुवात. विणीमुळे एकेक पिक्सेल भलतंच सांगतो म्हणून मोठ्या चौकोनाची सरासरी घेतली. सीटवर बेज आला १९६, १८८, १७६ आणि त्याच जागी हिरवा तुकडा ३८, ८२, ६२. हे आकडे स्क्रीनसाठी गामा लावलेले, म्हणजे गडद भाग उजळवून साठवलेले असतात, खरा उजेड मोजायचा तर आधी ते सरळ करायला लागतात. सरळ केल्यावर लाल ०.५५२ चा ०.०१९ झाला, हिरवा ०.५०३ चा ०.०८४ आणि निळा ०.४३४ चा ०.०४८. भागाकार केला की प्रमाण येतं ०.०३५, ०.१६८, ०.१११. म्हणजे बेज कापड जेवढा लाल परत फेकत होतं त्याच्या साडेतीन टक्केच हे हिरवं कापड फेकतं. भाच्याचा सोफा पिस्ता का झाला ते ह्या एका आकड्यात आहे.

उभ्या पट्टीवरच्या तुकड्यानेही तेच प्रमाण काढून बघितलं, थोडाफार फरक सोडला तर जुळलं. हे जुळणं महत्त्वाचं, ते जुळलं नसतं तर समजायचं की कुठून तरी दुसऱ्या रंगाचा उजेड येतोय, बहुतेक जमिनीवरून किंवा शेजारच्या लाल पडद्यावरून, आणि मग सगळ्या सोफ्याला एकच प्रमाण लावून चालत नाही.

पायथनमध्ये एवढंच:

```python
lin = np.where(s <= 0.04045, s/12.92, ((s+0.055)/1.055)**2.4)
k = np.array([0.035, 0.168, 0.111])
out = lin*(1-m) + lin*k*m
```

`s` म्हणजे ० ते १ मधला फोटो, `m` म्हणजे सोफ्याचा मास्क, सोफ्यावर १ आणि बाहेर ०. शेवटी `out` ला परत गामा लावून सेव्ह करायचं. पहिल्याच फटक्यात चुण्या, शिवण, बटणांभोवतीचे खड्डे सगळं जागच्या जागी, आणि विणीचा खरखरीतपणा पण तसाच, कारण विणीतला धागा आणि फट यांचं एकमेकांशी प्रमाण गुणाकाराने बदलत नाही.

८ फेब्रुवारी

मालकांचा भाचा पुढे हे स्वतः करणार आहे आणि त्याला कोड नकोय, म्हणून लेयरमध्ये कसं करायचं ते बसवलं. सोफ्यावर एका रंगाचा भरलेला लेयर, मोड मल्टिप्लाय, मास्क सोफ्याचा. प्रश्न एवढाच की तो भरायचा रंग कुठला. लोक इथे तुकड्याचाच रंग भरतात आणि मग सोफा जास्तच काळपट आला म्हणून ओपॅसिटी कमी करत बसतात. तुकड्याचा रंग भरायचा नसतो, प्रमाण भरायचं असतं. बेज स्वतः पांढरा नाही ना, त्याचा भाग आधी काढून टाकायला हवा.

गिंपमधला आताचा मल्टिप्लाय सरळ उजेडात गुणतो, त्यामुळे तिथे वरच्या प्रमाणाला गामा लावून जो रंग येतो तो भरायचा: `#35725E`. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये गुणाकार गामा लावलेल्या आकड्यांवरच होतो, तिथे अजून सोपं, सरळ ३८ भागिले १९६ गुणिले २५५ म्हणजे ४९, तसेच १११ आणि ९०, म्हणजे `#316F5A`.

इथे एक गंमत आहे जी मला फार आवडते. गामा म्हणजे घात, आणि दोन आकड्यांचे घात करून गुणा किंवा गुणून घात करा, उत्तर तेच. म्हणून गुणाकाराला गामा फारसा आडवा येत नाही, आडवा येतो तो बेरजेला. "फारसा" म्हटलं कारण स्क्रीनचा गामा अगदी शुद्ध घात नाही, काळ्याच्या जवळ तो वेगळा वागतो. ते प्रत्यक्षात किती, हे एका चुणीवर तपासलं. बेजमध्ये ती चुणी ९६, ९०, ८४ होती. सरळ उजेडात गुणून १३, ३५, २५ आली, फोटोशॉपच्या साध्या पद्धतीने १८, ३९, ३०. सीटवर दोन्ही तंतोतंत, चुणीत मात्र चार-पाच पायऱ्यांचा फरक, डोळ्याला हलकं धुकं पसरल्यासारखा दिसतो. मोबाइलवर कोणाला कळणार नाही, मोठ्या बॅनरवर कळेल. भाच्याला सांगितलं, गिंप वापर नाहीतर वर एक कर्व्ह टाकून फक्त सावल्या थोड्या खाली ओढ.

१० फेब्रुवारी

मास्क. कंटाळवाणं काम आणि सगळी लाज इथेच जाते. फिकट सोफ्यावर मास्कची कडा थोडी चुकली तरी खपते, गडद झाल्यावर भिंतीला लागून बेज रंगाची बारीक रेघ उमटते, आणि ती एकदा दिसली की दिसतच राहते. कडेचा पिक्सेल अर्धा सोफा अर्धी भिंत असतो, त्यामुळे मास्क पण तिथे अर्धाच हवा, ब्लेडने कापल्यासारखा नको आणि उगाच पाच पिक्सेलचा फेदर पण नको. लेन्सची कडा जेवढी मऊ तेवढाच मास्क मऊ, ह्या फोटोत एक-दीड पिक्सेल. मागे फोकसबाहेर गेलेल्या सोफ्याच्या हातापाशी जास्त.

आणि परवाचं बेरजेचं इथे लागू होतं. अर्धा सोफा अधिक अर्धी भिंत ही बेरीज आहे, ती गामा लावलेल्या आकड्यांत केली की पांढऱ्या भिंतीसमोर गडद सोफ्याची कडा खऱ्यापेक्षा जाड आणि काळपट दिसते. कोडमध्ये मास्क सरळ उजेडातच लावलाय म्हणून तिथे प्रश्न नाही.

लाकडी पाय, खालची काळी जाळी आणि कंपनीचं शिवलेलं लेबल मास्कमधून वगळलं. पाइपिंग त्याच कापडाची आहे म्हणून आत ठेवली.

१२ फेब्रुवारी

नेव्ही. प्रमाण काढलं, लावलं, आणि सोफा मेला. आकडे तुकड्याशी जुळतात, सीटचा मध्य अगदी बरोबर, पण पूर्ण सोफा बघितला की काळं भोक. मालकांचा मेसेज: "काळा मागितला नव्हता." पहिला मोह होतो सावल्या उचलायचा, ते केलं की कापड धुवून विटल्यासारखं दिसतं.

कारण शोधायला तुकड्याचा फोटो नीट बघितला. तुकड्याच्या वाकलेल्या कडेला एक करडी, जवळजवळ बिनरंगी चमक आहे. आपल्या सोफ्यावर ती कुठेच नाही. कापडावरून उजेड दोन तऱ्हेने परत येतो. एक भाग धाग्याच्या आत शिरून रंग घेऊन येतो, दुसरा धाग्याच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि त्याला कापडाचा रंग लागतच नाही, तो खिडकीच्या रंगाचा असतो. ही विभागणी स्टीव्हन शेफरने १९८५ मध्ये नीट मांडलेली आहे. माझा गुणाकार फक्त पहिल्या भागासाठी खरा आहे. बेजमध्ये पहिला भाग इतका मोठा की वरची चमक त्यात बुडून जाते, पन्नास टक्क्यांत एक टक्का कोणाला दिसणार. नेव्हीमध्ये पहिला भाग दोनेक टक्क्यांवर येतो, चमक आहे तेवढीच राहायला हवी, आणि मग तीच कापडाचा आकार दाखवते. मी ती पण गुणून संपवून टाकली होती.

गाडीच्या फोटोत हा मामला ह्याच्या कितीतरी पट मोठा. वरच्या क्लिअर कोटमध्ये आख्खं आभाळ आणि समोरची बिल्डिंग दिसत असते, लाल गाडी निळी करताना ते आभाळ पण गुणलं गेलं की गाडी खेळण्यातली दिसते.

मग चमक वेगळी कशी काढायची? नेहमीचा सल्ला असतो की जिथे सॅचुरेशन कमी तिथे चमक, पण बेज कापड स्वतःच जवळजवळ बिनरंगी, तिथे हा उपाय आंधळा आहे. लाल किंवा निळा सोफा असता तर चालला असता. नशिबाने शूटच्या दिवशी लेन्सवर पोलरायझर होता आणि मी तो फिरवून दोन टोकांचे दोन फोटो घेतलेत, एक चमक जास्तीत जास्त, एक कमीत कमी. फिल्टर दोन्हीत तोच असल्याने एक्स्पोजर जुळवायची भानगड नाही. सरळ उजेडात एकातून दुसरा वजा केला की चमकेचा लेयर हातात येतो. रेक्झिनवर हे फार सुंदर चालतं, खरखरीत कापडावर चमकेचा काही हिस्साच मिळतो, म्हणून एका आकड्याने वाढवायला लागला. तो आकडा अंदाजाने नाही, तुकड्याच्या वाकलेल्या कडेवर जेवढी चमक दिसते तेवढी सोफ्याच्या हातावर येईपर्यंत वाढवला.

```python
out = lin*(1-m) + ((lin-spec)*k + spec)*m
```

`spec` म्हणजे तो वाढवलेला लेयर. आता हाताच्या वळणावर आणि पाठीच्या वरच्या कडेला करडी रेघ आली आणि सोफा एकदम नेव्ही दिसायला लागला, सावल्या एका पायरीनेही न उचलता. हिरव्याला पण हेच परत लावलं, तिथे फरक कमी पण आहे.

१४ फेब्रुवारी

मस्टर्ड. इथे उजेडाचा प्रश्न नाही, तुकडा १९०, १४०, ४०, लाल तर जवळजवळ बेजएवढाच. सीट लगेच जुळली. पण चुण्या खोट्या वाटत होत्या, मळकट, शेवाळी. इथे तो फटीत खोचलेला तुकडा कामाला आला. खऱ्या मस्टर्ड कापडाच्या चुणीत आत आत जावं तसा रंग केशरी होत जातो, माझ्या फोटोत तो फक्त काळा होत जातो.

चुणीच्या आत उजेड एकदा आपटून बाहेर येत नाही, समोरच्या भिंतीवर, म्हणजे त्याच कापडावर, परत आपटतो. दोनदा आपटला की कापडाचा रंग दोनदा लागतो. म्हणजे तिथे प्रमाण एकदा नाही, दोनदा गुणायला हवं. मस्टर्डचं प्रमाण ०.९३, ०.५२, ०.०५ आहे, दोनदा गुणलं की लाल ०.८७ वर टिकतो, हिरवा ०.२७ वर येतो आणि निळा संपतोच, म्हणून केशरी. लेयरमध्ये करायला एकदम सोपं, त्याच मल्टिप्लाय लेयरची कॉपी, मास्क फक्त खोल चुण्या आणि फटींचा, ओपॅसिटी तीसच्या आसपास. आतला सगळाच उजेड काही दोनदा आपटलेला नसतो, म्हणून पूर्ण लावायची नाही. फटीतल्या तुकड्याशेजारी ठेवून बघितलं, आता दोन्ही एका कापडाचे वाटतात.

हिरव्या आणि नेव्हीत हीच कॉपी चुण्या अजून खोल करते, आणि ते पण खरंच आहे. फिकट कापड स्वतःच्याच चुण्या उजळवतं, गडद नाही. वीस टक्क्यांवर ठेवली.

एक राहिलं, मस्टर्ड सोफ्याशेजारी पांढरी भिंत आणि फरशी थोडी पिवळसर व्हायला हवी. हातामागच्या भिंतीवर अगदी हलका पिवळा पट्टा मऊ ब्रशने मारला. नीट बघितल्याशिवाय दिसत नाही, काढला की सोफा चिकटवलेला वाटतो.

१७ फेब्रुवारी

आयव्हरी. सगळ्यांना वाटतं हा सोपा, बेजच्या शेजारचाच. पण तुकडा २२६ वर आहे, म्हणजे लाल चॅनलचं प्रमाण १.३८, एकपेक्षा जास्त. बेज फोटोत जिथे लाल २२१ च्या वर आहे ते सगळं गुणल्यावर पांढरं फटक, तपशील गायब, आणि खिडकीकडच्या हातावर असे बरेच पिक्सेल आहेत. जेपीजी असता तर इथेच थांबलो असतो. रॉ परत उघडून अर्धा स्टॉप खाली डेव्हलप केला, गुणाकार केला, मग कर्व्हने तो अर्धा स्टॉप परत वर आणताना वरचं टोक हळू वाकवलं. खोली अर्ध्या स्टॉपने गडद दिसायला नको म्हणून मास्कबाहेर मूळ डेव्हलपच ठेवला, त्यामुळे भिंत आणि सोफ्याचं नातं तेच राहिलं. हातावरची वीण परत आली.

उलटं काम असतं, नेव्ही सोफ्यावरून आयव्हरी करायचा, तर तुकड्याने नाही की पोलरायझरने नाही, कशानेच भागलं नसतं. तिथे प्रमाण चाळीसच्या आसपास जातं आणि त्यासोबत सावलीतला नॉइज पण तेवढ्याच पटीने वाढतो. मालकांना सांगून ठेवलं, पुढचा सॅम्पल पीस बनवताना बेजसारखा फिकट, पण अगदी पांढरा नसलेला बनवा.

१९ फेब्रुवारी

चारही फाइल दिल्या, सोबत बेजची लेयरवाली फाइल आणि प्रत्येक शेडचा भरायचा रंग लिहून. मालकांनी दुकानात तुकडे खिडकीपाशी धरून स्क्रीनशी ताडून बघितले. नेव्ही आणि मस्टर्ड पास. हिरवा त्यांच्या दुकानाच्या मॉनिटरवर निळसर दिसतो, माझ्या कॅलिब्रेट केलेल्यावर नाही, आणि त्यांच्या मोबाइलवर पण नाही, तर तो मॉनिटरचा दोष धरून हिरव्याला हात लावला नाही.

मग त्यांनी अजून दोन तुकडे काढले. एक मेलांज, दोन रंगांच्या धाग्यांचा करडा. एक फुलांचं प्रिंट. "हे पण ह्याच फोटोत होईल ना?" मेलांजची ठिपकेदार वीण ह्या बेजमध्ये नाहीच, गुणाकार असलेलं बदलतो, नसलेलं आणत नाही. तुकड्याच्या फोटोतून वीण उचलून सीटवर, पाठीवर, हातावर वेगवेगळी वाकवून बसवायला लागेल. प्रिंटला तर प्रत्येक पॅनलवर फुलं शिवणीपाशी कुठे तुटतात ते कारागिराला विचारून ठरवावं लागेल. मेलांजचा वेगळा रेट कळवला, प्रिंटसाठी म्हटलं एक सोफा शिवूनच घ्या, स्वस्त पडेल.